पडवीतला खेळाचा तास

जूनच्या मध्याला शाळा उघडतात आणि कोकणात पाऊसही त्याच सुमारास मुक्कामाला येतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाकाठी 3,000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. शाळेचं मैदान म्हणजे बहुतेक ठिकाणी उतारावरचा लाल मातीचा तुकडा. पहिल्या आठवड्यात त्याचा चिखल होतो, पुढे त्यावर शेवाळ धरतं, आणि श्रावणात गुडघ्याएवढं गवत माजतं. वेळापत्रकावर ‘शा. शि.’ ही दोन अक्षरं मात्र आठवड्यातून ठरलेल्या दिवशी तशीच असतात. मग त्या तासाला गणित पुढे सरकतं, नाहीतर मुलं कॅरम आणि भेंड्यांवर बसवली जातात.

शाळेत सभागृह नसतं. असते ती पडवी: दोन वर्गखोल्यांच्या पुढची, कोब्याची, एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला खांब. त्यापलीकडे दीड-दोन फूट खाली अंगण. या पडवीत पस्तीस मिनिटांत चोवीस मुलांना घाम येईल असा तास घेता येतो. मात्र त्यासाठी पडवीकडे छोटं मैदान म्हणून पाहणं आधी सोडावं लागतं.

पडवीतले बहुतेक तास फसतात ते याच ठिकाणी. समोर लांबट जागा दिसली की शिक्षकाच्या मनात शर्यत येते. दोन रांगा करायच्या, एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाऊन यायचं, मग पुढचा गडी. चौदा मीटर लांबीच्या पडवीत जाऊन यायला मुलाला आठ-दहा सेकंद लागतात. बारा मुलांच्या रांगेत त्याची पाळी पुन्हा यायला दीड-दोन मिनिटं जातात. म्हणजे पस्तीस मिनिटांच्या तासात प्रत्येक मूल प्रत्यक्षात तीन-चार मिनिटं हलतं आणि बाकी वेळ उभं राहून पुढच्याला ढकलतं, ओरडतं. शिवाय शर्यतीचा शेवट भिंतीवर होतो. मूल पूर्ण वेगात येतं, थांबायला जागा नसते, म्हणून दोन्ही हात पुढे करतं आणि मनगट दुखावून घेतं. ‘धावू नका’ असं सांगून हे थांबत नाही, कारण खेळच धावण्याचा दिलेला असतो.

म्हणून पडवीत दोन गोष्टी बदलायच्या. पहिली अशी की मुलांना लांबीच्या दिशेने न सोडता रुंदीच्या दिशेने उभं करायचं. दुसरी अशी की खेळातला वेग काढून घ्यायचा आणि श्रम तसेच ठेवायचे. लंगडी, उकिडवं बसून चालणं, खेकड्यासारखं चौपायी मागे सरकणं, एका जागी उड्या, बसफुगडी या हालचालींत मूल कितीही जोर लावलं तरी वेगाने कुठे जाऊन आदळू शकत नाही, पण दम मात्र पुरता लागतो. वेगावर लक्ष ठेवण्याचं काम हालचालच करते, शिक्षकाला ओरडावं लागत नाही.

आता एक पडवी घेऊन मोजून पाहू. लांबी 14 मीटर, रुंदी सात फूट म्हणजे साधारण 210 सेंटिमीटर. मुलं चोवीस, तिसरी ते पाचवीची, दोनशिक्षकी शाळेत असतात तशी एकत्र. सगळ्यात आधी अंगणाच्या कडेपासून दीड फूट आत, खांबांच्या अलीकडून, खडूने एक सरळ रेघ ओढायची. या रेघेपलीकडे तासभर कुणीही जायचं नाही, चेंडू गेला तरी नाही. आता उरली साधारण 165 सेंटिमीटर रुंदी. वर्गांची दोन दारं पडवीत उघडतात, त्यांच्यासमोरचा एकेक मीटर मोकळा ठेवायचा, कारण दुसऱ्या वर्गातलं मूल पाणी प्यायला कधीही बाहेर येईल. पडवीत उघडणाऱ्या खिडक्यांच्या झडपा आत ओढून घ्यायच्या किंवा पूर्ण उघडून भिंतीला अडकवायच्या. अर्धवट उघड्या झडपेचा कोपरा बरोबर मुलाच्या कपाळाच्या उंचीवर असतो. उरलेल्या बारा मीटरांत एकेक मीटरचे बारा पट्टे आखायचे. प्रत्येक पट्ट्यात एक जोडी, म्हणजे चोवीस मुलं एकाच वेळी जागेवर. कुणीच रांगेत नाही.

165 सेंटिमीटर ऐकायला फार कमी वाटतात, पण दहा वर्षांचं मूल साधारण 135 ते 140 सेंटिमीटर उंच असतं. भिंतीकडे डोकं आणि अंगणाकडे पाय करून ते पूर्ण पालथं पडलं तरी रेघेच्या आत मावतं. म्हणजे सूर्यनमस्कारापासून जोरांपर्यंत सगळं या रुंदीत बसतं. एकजण करतो तेव्हा जोडीदार त्याच्या बाजूला भिंतीला टेकून बसतो, मोजतो आणि चूक सांगतो.

तासाची पहिली पाच मिनिटं फरशीला द्यावीत, असं माझं ठाम मत आहे. पावसाची झड नैर्ऋत्येकडून आत येते, त्यामुळे तिकडे तोंड असलेली पडवी अर्धी ओली असते. कोकणात घराच्या पडवीला पावसाळ्यात नारळाच्या झावळ्यांचे झाप बांधतात, तसे शाळेच्या पडवीलाही बांधता येतात. पालकांपैकी कुणीतरी ते हमखास विणून देतो. पण झाप असले तरी मुलांच्या पायांनी पाणी आत येतंच. दाराशी जाड गोणपाट टाकून प्रत्येकाचे पाय पुसून घ्यायचे, पट्टे कोरड्या फडक्याने पुसायचे आणि मग वर्तमानपत्राचा कागद फरशीवर तळहाताने दाबून उचलायचा. कागद चिकटला किंवा त्यावर ओला डाग उमटला तर त्या पट्ट्यात उड्या नाहीत, बसून करायचे प्रकार फक्त. पडवीच्या कडेला, पागोळ्या पडतात तिथे, कोब्यावर हिरवट थर धरतो. तो पुसून जात नाही, काथ्याने घासून काढावा लागतो. पाय अनवाणीच बरे. मोजे घालून गुळगुळीत कोब्यावर उडी मारणं सगळ्यात धोक्याचं, आणि ओल्या रबरी चपला त्याखालोखाल.

पुढची चार मिनिटं अंग सैल करण्याची. जागच्या जागी कदमताल, पण पाऊल वाजता कामा नये. हात वर, खांदे गोल, कंबरेतून वळणं, मग तीन संथ सूर्यनमस्कार. पाऊल न वाजण्याची अट पूर्ण तासभर लागू असते आणि ती केवळ शेजारच्या वर्गासाठी नाही. कोब्याला लवचीकपणा नसतो. मूल टाचांवर धप्पकन उतरलं की तो हिसका थेट घोट्याला आणि गुडघ्याला बसतो. आवाज न करता उतरायचं म्हटलं की ते आपोआप चवड्यावर उतरतं आणि गुडघे वाकवतं. गुडघे नीट वाकले की नाही हे चोवीस मुलांचं एकाच वेळी डोळ्यांनी पाहणं शक्य नसतं, कानांनी मात्र कळतं. आवाज वाढला की मुलं दमली, असं समजून उड्या थांबवायच्या.

मग दहा मिनिटं चार प्रकारांचा फेरा. पहिला प्रकार भिंतीवरचे जोर: भिंतीपासून दोन पावलं मागे उभं राहायचं, तळवे छातीच्या उंचीवर टेकायचे, शरीर सरळ ठेवून कोपर वाकवायचे. ज्याला सोपं जातं त्याने पाय आणखी मागे न्यायचे. दुसरा प्रकार नदीवरच्या उड्या: पट्ट्यात एक फूट अंतरावर दोन रेघा ओढायच्या आणि पाय जोडून या काठावरून त्या काठावर आडव्या उड्या मारायच्या. तिसरा प्रकार भिंतखुर्ची: पाठ भिंतीला चिकटवून मांड्या फरशीला समांतर होतील इतकं खाली सरकायचं आणि खुर्चीशिवाय बसून राहायचं. चौथा खेकडा: हातापायांवर, पोट वर करून, कंबर उचलून धरायची आणि आळीपाळीने एकेक पाय सरळ करायचा.

प्रत्येक प्रकार वीस सेकंद. मग जोडीदाराची पाळी, त्याचेही वीस सेकंद. अदलाबदलीला थोडा वेळ धरला तर चारही प्रकारांचा एक फेरा साडेतीन-चार मिनिटांत होतो. मध्ये एक मिनिट थांबून दुसरा फेरा. वीस सेकंद श्रम आणि वीस सेकंद विश्रांती हे प्रमाण या वयाला झेपतं, आणि विश्रांतीतही मूल रिकामं नसतं, ते मोजत असतं. आकडा प्रत्येकाने स्वतःचाच लक्षात ठेवायचा. दुसऱ्या फेरीत पहिल्या फेरीएवढा आकडा आला तरी पुरे. शेजाऱ्याशी तुलना सुरू झाली की जोर अर्धवट होतात आणि उड्या वाजायला लागतात.

इथे संगीतखुर्चीबद्दल बोलायला हवं, कारण पावसाळ्यात सगळ्यात जास्त तोच खेळ घेतला जातो. त्यात पहिल्यांदा बाद होतं ते मंद, जाड किंवा लाजरं मूल, म्हणजे ज्याला हालचालीची सगळ्यात जास्त गरज आहे तेच. ते उरलेला वेळ कडेला बसून राहतं. कमी जागेत बाद करण्याचे खेळ शिक्षकाला सोयीचे वाटतात, कारण गर्दी आपोआप कमी होते. पण तास मुलांच्या हालचालीसाठी असतो. म्हणून पडवीत कुणी बाद होत नाही. चुकलं तर जागेवर दोन उठाबशा काढायच्या आणि पुन्हा खेळात यायचं.

यानंतरच्या आठ मिनिटांत खेळ हवा, नुसता व्यायाम नको. आपल्याकडचे बायकांचे आणि सणांचे खेळ इथे कामाला येतात, कारण ते मुळातच माजघरात, ओटीवर, कमी जागेत खेळले गेले आहेत. मंगळागौरीतली बसफुगडी घ्या. दोघांनी समोरासमोर उकिडवं बसायचं, एकमेकांचे हात धरायचे आणि तालावर एकेक पाय पुढे फेकत उसळत राहायचं. अर्ध्या मिनिटात मांड्या भरून येतात. पण जागा लागते फक्त एका पट्ट्याएवढी. उभी फुगडी मात्र कोब्यावर नको. घामाने हात निसटले तर मागे भिंत नाहीतर खांब असतो. बसफुगडीतही गुडघा दुखत असलेल्या मुलाला उभ्याचा झिम्मा द्यावा. टाळ्यांची लय हळूहळू वाढवत नेली तर त्यातही हात आणि नजर यांची चांगली परीक्षा होते. ‘हे मुलींचं’ असं मुलगे पहिल्या दिवशी म्हणतात. बसफुगडीत वर्गातली एखादी मुलगी दोन मुलग्यांना पाठोपाठ दमवते आणि मग ते म्हणणं थांबतं.

बसफुगडीनंतर कबड्डीचा एक छोटा तुकडा घेता येतो. पकड नाही, रेटारेटी नाही, फक्त चढाईवाल्याचे पाय आणि दम. एकजण भिंतीला पाठ लावून उभा राहतो. दुसरा खडूच्या रेघेच्या आतल्या बाजूने पुढे येतो, पायाचा अंगठा लांबवून समोरच्या रेघेला टेकवतो आणि तोल न जाऊ देता मागे सरकतो. हे करताना तोंडाने कबड्डीचा दम चालू, पण कुजबुजत. खऱ्या खेळात चढाईला 30 सेकंद मिळतात. सुरुवातीला मुलांचा दम दहा-बारा सेकंदांतच सुटतो. रोज थोडं केलं तर ऑगस्टपर्यंत कितीतरी मुलं वीसच्या पुढे जातात, आणि पाय लांबवून मागे येण्याची सवय अशी पक्की होते की मैदानावर ती वेगळी शिकवावी लागत नाही. कोंबड्यांची झुंज मात्र, म्हणजे हाताची घडी घालून लंगडत एकमेकांना खांद्याने ढकलण्याचा खेळ, पडवीत कधीही घेऊ नये. कडेला दोन फुटांची पडण आहे.

पाच मिनिटं लयीसाठी ठेवायची आणि तेवढ्यापुरती लांबी वापरायची. रत्नागिरीकडे गणपतीत जाखडी म्हणजे बाल्या नाच होतो. घरोघरची मुलं त्याची पावलं पाहतच मोठी होतात. मूळ नाच वादकांभोवती गोल धरून असतो, पण पडवीत गोल मावत नाही. म्हणून दोन ओळी समोरासमोर कराव्यात, दोन पावलं उजवीकडे, दोन डावीकडे, मध्ये वाकणं आणि उसळणं. ढोलकी नको, मांडीवर थापा पुरतात. पाच मिनिटं अखंड नाचलेलं मूल चौदा मीटरच्या दहा शर्यतींपेक्षा जास्त दमतं. इथे मुलंच शिक्षकाला पावलं शिकवतात, आणि शिक्षकाने ती मोकळेपणाने शिकावीत.

लेझीम मात्र पडवीतून वजा करावी लागते, कारण भिंतीपलीकडे दुसरा वर्ग चालू असतो. आवाजाचा प्रश्न दोनशिक्षकी शाळेत खरा असतो आणि तो वेळापत्रकातच सोडवावा लागतो. एका वर्गाचा खेळाचा तास असेल तेव्हा शेजारच्या वर्गात पाढे, कविता, प्रकटवाचन ठेवायचं, लेखन किंवा चाचणी नाही. दोन्ही शिक्षकांनी जूनमध्येच एकत्र बसून एवढं ठरवलं की चार महिन्यांची कुरबुर वाचते. शिट्टी पडवीत कानठळ्या बसवते, म्हणून रंगीत रुमाल वापरायचा. वर उचलला की सुरू, खाली आला की थांबा. रुमालाकडे पाहावं लागतं म्हणून मुलांची नजरही शिक्षकाकडे राहते.

शेवटची तीन मिनिटं नाडीची. मनगटावर नाडी सापडायला मुलांना वेळ लागतो. जबड्याच्या खाली, मानेच्या बाजूला दोन बोटं हलकी ठेवली की चटकन लागते. दोन्ही बाजूंना एकदम दाबायचं नाही, एवढं बजावायचं. शिक्षक घड्याळ पाहून पंधरा सेकंद सांगतो, मुलं ठोके मोजतात आणि चाराने गुणतात. तासाच्या सुरुवातीला 22 ठोके असतील तर मिनिटाला 88. नाचानंतर लगेच मोजले आणि 35 आले तर 140. चौथीच्या मुलांना चाराचा पाढा इथे इतका उपयोगी पडतो की तो पुन्हा घोकून घ्यावा लागत नाही. नाचानंतरही बहुतेकांचे आकडे शंभराच्या आसपासच राहिले, तर तास पुस्तकी झाला, मुलं नीट हलली नाहीत असं समजायचं. मोजायला वेळ नसेल तर एक साधी खूण आहे: श्रम पुरेसे झाले असतील तर मूल बोलू शकतं, पण त्याला गाणं म्हणता येत नाही.

कोंदट हवेचा विचारही करायला हवा. पावसाळ्यात हवेत बाष्प इतकं असतं की घाम सुकत नाही आणि अंग थंड व्हायला वेळ लागतो. तहान लागत नाही तरी मुलांना तासानंतर पाणी प्यायला लावायचं. कपडे आधीच ओले असलेल्या मुलाला कोरडा सदरा मिळेल अशी सोय वर्गातल्या पेटीत ठेवावी. दमेकरी मुलाला बुरशीच्या वासाने या दिवसांत जास्त त्रास होतो. त्याला मोजण्याचं काम जास्त आणि उड्या कमी द्याव्यात, आणि त्याचं औषध हाताशी असू द्यावं. वीज कडाडू लागली की पडवी सोडून सगळ्यांनी वर्गात जायचं, लोखंडी खांब आणि गज यांच्यापासून लांब.

पडवी लहान वाटते अशा दिवशी बसून खेळायचे सागरगोटेही चांगले. गजग्याच्या या कडक बिया कोकणात कुंपणाकाठी मिळतात. पाच गोटे फरशीवर टाकून एक वर उडवायचा, तो खाली येईपर्यंत दुसरा उचलायचा आणि वरचा झेलायचा. चिंचोके भरलेल्या कापडी पुरचुंड्यांनीही हेच उभ्याने करता येतं: वर उडवायची, टाळ्या वाजवायच्या आणि झेलायची, आधी एक टाळी, मग दोन, मग तीन. पुरचुंडी कपाळाच्या फार वर जाऊ द्यायची नाही, म्हणजे दिवे आणि पंखे सुरक्षित राहतात. ज्या दिवशी फरशी ओली राहते त्या दिवशी हाच तास.

पडवीत धावणं शिकवता येत नाही, लांब फेक शिकवता येत नाही आणि खो-खोचा पाठलागही नाही. जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी 60 मिनिटं दमवणारी हालचाल सुचवते. पडवीतला एक तास त्याचा तुकडाच देतो. म्हणून चार महिन्यांत जी उघडीप मिळेल ती वाया जाऊ द्यायची नाही. मात्र उघडीप पडली म्हणून लगेच मैदानावर सोडायचं नाही. शिक्षकाने आधी स्वतः अनवाणी फिरून पाहायचं. टाच फिरवली आणि माती सरकली तर अजून एक ऊन जाऊ द्यायचं. मैदान पूर्ण वाळेपर्यंत बहुधा ऑक्टोबर उजाडतो, आणि तेव्हा चार महिने न धावलेल्या पोटऱ्या एकदम शर्यतीला लावल्या तर आखडतात. पहिला आठवडा चालणं आणि हळू धावणं, दुसऱ्या आठवड्यात छोट्या झेपा, आणि खो-खोचे डाव तिसऱ्या आठवड्यापासून. तोपर्यंत पडवीतला चार प्रकारांचा फेरा रोज चालूच ठेवायचा, फक्त आता मैदानाच्या कडेला, सावलीत.